सेवा बंद पडल्यावर ग्राहकांना काय आणि कसं कळवायचं : स्टार्टअपमधल्या नव्यांसाठी

सेवा बंद पडली की दुरुस्तीला कोण बसणार हे ठरलेलं असतं. ग्राहकांना कोण कळवणार, हे मात्र बहुतेक छोट्या कंपन्यांत ठरलेलं नसतं. मग ते काम ऐन वेळी सपोर्टमधल्या एखाद्याच्या गळ्यात पडतं, आणि तोही पुष्कळदा रुजू होऊन महिना न झालेला असतो. इंजिनिअर उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नसतात, संस्थापक दर दोन मिनिटांनी ‘टाकलं का?’ विचारतात आणि इनबॉक्स भरत चाललेला असतो. हा लेख त्या माणसासाठी आहे.

नुसते नियम सांगून हे समजत नाही, म्हणून एकच प्रसंग शेवटपर्यंत नेऊ. समजा, तुमची कंपनी दवाखान्यांना अपॉइंटमेंट नोंदवायचं अ‍ॅप पुरवते. ६२० दवाखाने ते वापरतात. मंगळवारी सकाळी ११:०४ ला अ‍ॅप थिजतं. यादी उघडत नाही, नवी नोंद जतन होत नाही, ३० सेकंदांनी ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच निरोप येतो. ११:०९ ला तुमच्याकडचा अलार्म वाजतो. तोवर सपोर्टचे दोन फोन येऊन गेलेले असतात.

आधी लिहायची जागा पाहून ठेवा

हे खरं तर सेवा चालू असतानाच करायचं काम आहे. निवेदन जिथे टाकणार ती जागा, म्हणजे स्टेटस पेज, तुमच्याच सर्व्हरवर असेल तर सर्व्हरबरोबर तेही बसेल. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा बंद पडली, तेव्हा सेवांची स्थिती दाखवणारा त्यांचा डॅशबोर्ड सुमारे दोन तास बदलताच येत नव्हता, कारण तो बदलण्याची यंत्रणा एस-थ्रीवरच अवलंबून होती. त्यांना ट्विटरवरून कळवावं लागलं.

दुसरी अडचण ग्राहकांच्या पत्त्यांची. एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका स्क्रिप्टला चुकीचे आयडी दिले गेले आणि ७७५ ग्राहकांच्या साइट्स पुसल्या गेल्या. काहींना सेवा परत मिळायला दोन आठवडे लागले. साइटबरोबर त्या ग्राहकांची संपर्काची माहितीही गेली होती, त्यामुळे नेमकं कुणाला कळवायचं हे शोधण्यातच वेळ गेला. म्हणून ग्राहकांच्या ईमेलची एक ताजी यादी मुख्य डेटाबेसच्या बाहेर, पासवर्ड लावून ठेवलेली असावी, आणि ती उघडायची परवानगी किमान दोघांकडे असावी.

पहिलं निवेदन : कारण न लिहिता

आपल्या प्रसंगात पहिलं निवेदन ११:१६ ला जातं. तेव्हा कारण कुणालाच माहीत नाही, आणि तिथेच नवा माणूस अडतो. कारण कळल्याशिवाय काय लिहायचं, असं त्याला वाटतं. पण समोर रुग्ण उभा असलेल्या रिसेप्शनिस्टला त्या क्षणी कारण नकोच असतं. बिघाड तिच्या इंटरनेटचा आहे की तुमचा, एवढं तिला आधी कळायला हवं. तुमचा आहे हे समजलं की ती राउटर बंद-चालू करत बसत नाही, वही काढते.

म्हणून पहिलं निवेदन असं :

> सकाळी ११:०४ पासून अपॉइंटमेंटची यादी उघडत नाही आणि नवी नोंद जतन होत नाही. अडचण आमच्या बाजूची आहे. तुमच्या इंटरनेटची किंवा मोबाइलची नाही. सगळ्या दवाखान्यांना ती जाणवते आहे. आमची टीम कारण शोधत आहे. तोपर्यंत नव्या नोंदी कागदावर घ्या आणि ‘जतन करा’ पुन्हा पुन्हा दाबू नका. पुढची माहिती ११:३५ ला इथेच देऊ.

यात ‘काही वापरकर्त्यांना तांत्रिक अडचणी जाणवू शकतात’ हे वाक्य नाही. ते सगळीकडे दिसतं आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही. ‘काही’ म्हणजे मी त्यात आहे का? ‘जाणवू शकतात’ म्हणजे काय, समोर यादी उघडत नाहीये! ग्राहकाला स्क्रीनवर जे दिसतंय तेच त्याच्या शब्दांत लिहा. ‘डेटाबेस लेयरमध्ये लेटन्सी वाढली आहे’ हे इंजिनिअरचं वर्णन झालं. ‘यादी उघडत नाही’ हे वाचल्यावर रिसेप्शनिस्टला पटतं की आपल्या तक्रारीबद्दलच बोलणं चाललंय.

अंदाज मात्र लिहू नका. ऑफिसात पहिल्या दहा मिनिटांत हमखास कुणीतरी म्हणतं, ‘हल्ला झालाय वाटतं.’ २ जुलै २०१९ ला वेबसाइटांना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरची सेवा २७ मिनिटं कोलमडली होती, तेव्हा त्यांच्या आतल्या टीमलाही आधी हा कुठलातरी नवा हल्ला असावा असं वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यांनीच नुकत्याच लावलेल्या सुरक्षा नियमातली एक रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधणारं सूत्र, सगळ्या सर्व्हरांचा सीपीयू खात होती. जाणकारांचा पहिला अंदाज असा चुकू शकतो, तर तुमचाही चुकेल, आणि एकदा जाहीर लिहिलेला ‘हल्ला’ नंतर कितीही खुलासे केले तरी लोकांच्या डोक्यातून जात नाही. उलट बाजूनेही तेच. ‘तुमचा डेटा पूर्ण सुरक्षित आहे’ हे वाक्य धीर द्यायला पटकन लिहिलं जातं. ते कुणी तपासलंय का, हे विचारल्याशिवाय लिहू नका.

‘कधी सुरू होणार?’ याचं उत्तर

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि उत्तर सगळ्यात शेवटी मिळतं. इंजिनिअरला विचारलं तर तो म्हणतो, ‘दहा मिनिटं दे.’ तो खोटं बोलत नसतो. आता जो उपाय तो करून पाहतोय त्याला दहा मिनिटं लागतील, असा त्याचा अर्थ. तो उपाय लागू पडेलच याची खात्री त्यात नसते. तुम्ही ‘दहा मिनिटांत सेवा सुरू होईल’ असं लिहिलंत की त्याच्या एका प्रयत्नाचं तुम्ही सगळ्यांना दिलेलं वचन होतं. अकरावं मिनिट उजाडलं की सगळेच्या सगळे दवाखाने चिडतात, आणि ते बरोबरच असतात.

म्हणून दोन वेळा वेगळ्या ठेवा. एक, पुढचं निवेदन कधी येणार. ही पूर्णपणे तुमच्या हातात आहे, तेव्हा ती चुकता कामा नये, नवीन काही कळलेलं नसलं तरी. दुसरी, सेवा कधी सुरू होणार. ही कारण सापडल्यावरच लिहायची, आणि तीही अटीसकट.

आपल्या प्रसंगात ११:३५ ला अजून कारण सापडलेलं नाही. तरी लिहायचंच :

> ११:३५. अजून सुरू झालेलं नाही. सर्व्हर आणि नेटवर्क तपासले, तिथे बिघाड नाही. आता डेटाबेस तपासत आहोत. सुरू होण्याची वेळ सांगण्याइतकी माहिती अद्याप हाती नाही. पुढची माहिती ११:५५ ला.

‘वेळ सांगण्याइतकी माहिती नाही’ हे लिहायला संस्थापकांचा विरोध होतो, असं नेहमी दिसतं. त्यांना ते दुबळं वाटतं. पण दवाखान्याच्या दृष्टीने हीच उपयोगाची माहिती आहे : वीस मिनिटांत सुरू होईल असं धरून चालता येणार नाही, तेव्हा दुपारच्या अपॉइंटमेंटना फोन करून ठेवायला हरकत नाही.

कारण सापडलं आणि तरी वेळ लागणार असेल, तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे द्या आणि जास्तीचा आकडा कशावर अवलंबून आहे ते सांगा. ‘बॅकअपवरून डेटा परत आणत आहोत. साधारण दोन तास लागतील. तपासणीत विसंगती आढळली तर चार तास.’ वाचणारा आपोआप चार तास धरून चालतो. सेवा अडीच तासांत सुरू झाली की त्याला बरंच वाटतं.

आपल्याकडे एवढं ताणलं गेलं नाही. ११:४४ ला कारण सापडलं, ११:५२ ला अ‍ॅप सुरू झालं. ११:५५ ला ते कळवायचं. पण ‘सगळं पूर्ववत’ असं कळवायचं नाही, कारण ते खरं नाही. रुग्णांना अपॉइंटमेंटची आठवण करून देणारे, सकाळपासून अडकलेले मेसेज अजून रांगेत आहेत. अ‍ॅप उघडणं आणि सगळं पूर्ववत होणं यांच्यामध्ये बहुतेक वेळा असा काही काळ असतो, आणि घाईत लिहिलेली ‘आम्ही परत आलो’ छापाची पोस्ट नेमकी त्या काळात सापडते.

कारण किती खोलात सांगायचं

संध्याकाळी सविस्तर निवेदन लिहायला बसायचं. आधी इंजिनिअरकडून झालं ते समजून घ्या, आणि स्वतःला समजेपर्यंत विचारत राहा. तुम्हाला न कळलेलं कारण तुम्ही लिहिलंत, तर वाचणाऱ्यालाही ते कळणार नाही.

आपल्या प्रसंगात झालं ते असं. ११:०४ ला अपॉइंटमेंटच्या टेबलात एक नवा कॉलम घालायची आज्ञा चालवली गेली. डेटाबेस पोस्टग्रेस. कॉलम घालणं हे एरवी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं, पण तेवढ्या क्षणापुरतं ते टेबल पूर्णपणे मोकळं लागतं. दुसरं कुणी वाचतसुद्धा असून चालत नाही. त्या वेळी एक मोठा मासिक अहवाल तेच टेबल वाचत होता, आणि तो आधीच सुरू झालेला होता. त्यामुळे कॉलमची आज्ञा थांबून राहिली. इथवर बिघडलं काहीच नव्हतं. पण पोस्टग्रेसमध्ये अशी आज्ञा थांबली की तिच्या नंतर आलेल्या साध्या वाचनाच्या विनंत्याही तिच्या मागे उभ्या राहतात. सभागृह पूर्ण रिकामं होईपर्यंत कुणी दारात अडून राहावं आणि त्याच्या मागच्या सगळ्यांची रांग लागावी, तसं. काही सेकंदांतच डेटाबेसची सगळी कनेक्शन अशा थांबलेल्या विनंत्यांनी भरली आणि अ‍ॅप थिजलं.

सर्व्हर ठीक, नेटवर्क ठीक, सीपीयूही जवळजवळ मोकळा. म्हणूनच शोधायला चाळीस मिनिटं लागली. कुणीच काम करत नव्हतं, सगळे वाट पाहत होते. ११:४६ ला ती आज्ञा रद्द केली, रांग मोकळी झाली, अ‍ॅपचे सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत ११:५२ झाले.

यातलं ग्राहकाला किती सांगायचं? मी लावतो ती कसोटी साधी आहे. कारण वाचून ‘मग तुम्ही सांगताय तो उपाय बरोबर आहे’ असं वाचणाऱ्याला स्वतःचं स्वतः पटलं पाहिजे. ‘डेटाबेसमध्ये बिघाड झाला’ यावरून कुठलाच उपाय पटत नाही. ‘गर्दीच्या वेळी केलेला बदल एका चालू अहवालामागे अडकला आणि त्याच्यामागे बाकी सगळं’ एवढं सांगितलं की उपाय वाचणाऱ्यालाच सुचतो : असे बदल गर्दीच्या वेळी करू नका, आणि अडकले तर लगेच सोडून द्या. त्याहून खोल, टेबल अडवून धरणाऱ्या लॉकची नावं आणि कनेक्शनची संख्या, ज्याला हवी तो विचारेल. आतल्या अहवालात ती जरूर लिहा.

दोन मोह टाळायचे. पहिला, दुसऱ्यावर ढकलायचा. ‘आमच्या क्लाउड पुरवठादाराकडे बिघाड झाला’ हे खरं असलं तरी दवाखान्याने करार तुमच्याशी केलाय. पुरवठादाराचा उल्लेख करा, पण त्याच्या पुढे ‘एकाच ठिकाणी सगळं ठेवायचा निर्णय आमचा होता’ हेही आलं पाहिजे. दुसरा मोह एका माणसाकडे बोट दाखवायचा, ‘एका इंजिनिअरच्या चुकीमुळे’. कुणा एकाच्या आज्ञेने सगळं बंद पडू शकतं, तर ती आज्ञा चालू देणारी पद्धत हे कारण आहे. जानेवारी २०१७ च्या शेवटी गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेच्या एका कर्मचाऱ्याने चुकून चालू डेटाबेसची डिरेक्टरी पुसली होती. त्यांनी घटनेचा सगळा तपशील जाहीर केला, त्या माणसाला मात्र ‘टीममधला सदस्य क्रमांक एक’ अशाच नावाने संबोधलं, आणि पाच वेगवेगळ्या बॅकअप पद्धतींपैकी एकही वेळेला धड कामी आली नाही यावर भर दिला.

कुणाचं काय गेलं

बहुतेक निवेदनं इथे सगळ्यात कमी लिहितात, आणि ग्राहकाला सगळ्यात जास्त हवं असतं ते हेच. गिटलॅबच्या त्या प्रसंगात सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी सांगितलं की जवळपास ५,००० प्रकल्प, ५,००० कॉमेंट आणि ७०० नव्या खात्यांवर परिणाम झाला, आणि कोडच्या रिपॉझिटरी मात्र शाबूत आहेत. गेलेलं आणि राहिलेलं, दोन्ही. नुसतं ‘काही डेटा गेला’ म्हटलं असतं तर प्रत्येकाने आपलाच गेला असं धरलं असतं.

आपल्या प्रसंगात इंजिनिअर सुरुवातीला म्हणतील, ‘काहीच गेलं नाही.’ ते खरंच आहे, पण पुरेसं नाही. त्यांना दोन प्रश्न आणखी विचारा. बंद असताना जे व्हायला हवं होतं ते झालं का? आणि जे एकदाच व्हायला हवं होतं ते दोनदा झालं का?

पहिल्याचं उत्तर : १,८६० आठवणीचे मेसेज अडकले आणि दुपारी १:२० पर्यंत उशिरा गेले. त्यातले काही तर अपॉइंटमेंटची वेळ टळून गेल्यावर पोचले. दुसऱ्याचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. लोकांनी ‘जतन करा’ दाबलं, ३० सेकंदांनी अ‍ॅपने हार मानली, पण डेटाबेसकडे गेलेली विनंती रांगेत जिवंतच होती. लोकांनी पुन्हा दाबलं. ११:४६ ला रांग सुटली तेव्हा दोन्ही विनंत्या पुऱ्या झाल्या. अशा ३१ अपॉइंटमेंट दुहेरी नोंदल्या गेल्या. हे तुम्ही सांगितलं नाहीत तर दवाखान्यांना ते बुधवारी सकाळी कळेल, आणि मग मंगळवारच्या निवेदनातलं एकही वाक्य कुणी खरं धरणार नाही.

वेळ मोजतानाही एक खाचखळगा आहे. समजा, करारात दर महिन्याला ९९.९ टक्के सेवा देण्याचं लिहिलंय. ३० दिवसांच्या महिन्यात ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटं आणि काही सेकंद. सेवा ११:०४ ला थिजली आणि ११:५२ ला सुरू झाली, म्हणजे ४८ मिनिटं. करार मोडला, सवलत द्यावी लागणार. पण अलार्म वाजला तिथून, ११:०९ पासून मोजलं, तर बरोबर ४३ मिनिटं भरतात आणि करार वाचतो! मीटिंगमध्ये कुणीतरी हे सुचवेलच. ग्राहकाच्या अ‍ॅपमध्ये मात्र पहिलं अपयश ११:०४ चं आहे आणि त्याच्याकडे त्याचा स्क्रीनशॉट असू शकतो. सुरुवात म्हणजे ग्राहकाला पहिल्यांदा अडचण आली तो क्षण. तुम्हाला ती कधी कळली, ही वेगळी ओळ आहे, आणि तीही निवेदनात असावी. आणि वेळेपुढे टाइमझोन लिहा, ग्राहक एकापेक्षा जास्त ठिकाणचे असतील तर.

माफी

‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे बंद लिफ्टवरही लिहिलेलं असतं. कुणाची कसली गैरसोय झाली याचा त्यात पत्ता नसतो, म्हणून ती वाचून काहीच वाटत नाही. माफीत तीन गोष्टी लागतात : समोरच्याला नेमकं काय भोगावं लागलं, ते आपल्यामुळे झालं हे, आणि माफी मागतो हे साधं क्रियापद. तीन वाक्यं पुष्कळ झाली. चौथ्या वाक्यापासून ती स्वतःच्या दुःखाबद्दल होऊ लागते, ‘आम्हालाही रात्रभर झोप लागली नाही’ वगैरे. ते त्यांना सांगायचं कारण नाही.

‘जर कुणाला त्रास झाला असेल तर’ हे तर नकोच. त्रास झाला हे तुम्हाला माहीत आहे. ‘पण’ आला की तिथेही थांबा. माफीनंतरच्या ‘पण’पुढे बहुतेक वेळा सबब असते.

माफी पहिल्या निवेदनात हवी का, यावर लोकांची मतं वेगळी आहेत. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. कंपनीच्या प्रमुखांच्या पहिल्या पोस्टमध्ये हा हल्ला नाही, दोष सापडला आहे, दुरुस्ती पाठवली आहे, असं सगळं होतं, माफी नव्हती. त्यावर बरीच टीका झाली, आणि मग त्याच दिवशी टीव्हीवर त्यांनी माफी मागितली. माझं मत असं की बिघाड आपल्या बाजूचा आहे हे कळल्यावर पहिल्या निवेदनात एक छोटं वाक्य घालायला हरकत नाही; वरच्या नमुन्यात मी ते घातलं नाही, कारण तिथे वही काढण्याची सूचना वर यायला हवी होती. पूर्ण माफी मात्र काय भोगावं लागलं हे कळल्यावरच नीट मागता येते.

पुढे काय करणार

इथे आश्वासनं नकोत, कामं हवीत, आणि प्रत्येकापुढे तारीख. ‘आमची यंत्रणा अधिक भक्कम करत आहोत’ हे झालं की नाही ते कुणालाच कधी तपासता येणार नाही. आपल्या प्रसंगात पहिलं काम इतकं लहान आहे की ते त्याच दिवशी झालेलं असतं. डेटाबेसमधला बदल पाच सेकंदांत टेबल मोकळं मिळालं नाही तर स्वतःहून माघार घेईल, अशी सोय :

```sql
SET lock_timeout = '5s';
ALTER TABLE appointments ADD COLUMN source text;
```

ही पहिली ओळ मंगळवारी असती, तर बदल पाच सेकंदांत फसला असता आणि दवाखान्यांना पाच सेकंदांची अडखळ जाणवली असती. निवेदनात कोड टाकायची गरज नाही, पण ते काय करतं ते एका वाक्यात सांगता येतं. दुसरं काम म्हणजे ‘जतन करा’ दोनदा दाबलं तरी नोंद एकच व्हावी. याला वेळ लागणार, म्हणून तारीख इंजिनिअरला विचारूनच घाला, आणि त्याने सांगितलेल्या तारखेत एखादा आठवडा मिळवा. ‘असं पुन्हा कधीही होणार नाही’ हे लिहू नका. याच कारणाने होणार नाही, एवढंच तुम्ही खात्रीने सांगू शकता.

आता संध्याकाळी साडेपाचचं निवेदन सलग :

> मंगळवारी सकाळी अ‍ॅप ४८ मिनिटं बंद का होतं
>
> आज सकाळी ११:०४ ते ११:५२ या वेळात अपॉइंटमेंटची यादी उघडत नव्हती आणि नव्या नोंदी जतन होत नव्हत्या. सगळ्या ६२० दवाखान्यांवर परिणाम झाला. आता अ‍ॅप नीट चालू आहे.
>
> रुग्ण समोर उभे असताना तुम्हाला त्यांची वेळ सांगता येत नव्हती, आणि काही रुग्णांना आठवणीचा मेसेज वेळ टळून गेल्यावर मिळाला. हे आमच्या कामाच्या पद्धतीतल्या चुकीमुळे झालं. आम्ही तुमची माफी मागतो.
>
> तुम्ही काय पाहावं : ३१ अपॉइंटमेंट दोनदा नोंदल्या गेल्या आहेत. ज्या १९ दवाखान्यांत त्या आहेत त्यांना आम्ही यादीसह वेगळा ईमेल पाठवला आहे. दुसरी नोंद आम्ही परस्पर पुसलेली नाही; कोणती ठेवायची ते तुम्ही ठरवा. तुम्हाला हा ईमेल आला नसेल तर तुमच्याकडे दुहेरी नोंद नाही. आधीची कोणतीही नोंद गेलेली नाही. अडकलेले १,८६० मेसेज दुपारी १:२० पर्यंत पाठवले गेले.
>
> कारण : आम्ही डेटाबेसमध्ये एक छोटा बदल करत होतो. त्याच वेळी चालू असलेल्या एका मोठ्या अहवालामागे तो बदल अडकला, आणि त्याच्यामागे तुमच्या सगळ्या विनंत्या. आम्हाला बिघाड ११:०९ ला कळला, पण सर्व्हर ठीक दिसत असल्याने कारण सापडायला ११:४४ झाले. हा हल्ला नव्हता. बदल आम्हीच केलेला होता.
>
> काय केलं, काय करणार : असा बदल पाच सेकंदांत पुढे सरकला नाही तर आता आपोआप रद्द होतो; हे आज झालं. यापुढे असे बदल दवाखान्यांच्या वेळेबाहेरच होतील. ‘जतन करा’ दोनदा दाबलं तरी नोंद एकच होईल, हे काम या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत पूर्ण करू.
>
> करारानुसार मिळणारी सवलत पुढच्या बिलात आपोआप दिसेल, अर्ज करायची गरज नाही.

क्रम पाहा. कारण चौथ्या परिच्छेदात आहे. इंजिनिअर ते पहिलं लिहितात, कारण त्यांचा सगळा दिवस त्यात गेलेला असतो. दवाखान्याचा दिवस वेगळ्या गोष्टीत गेलाय.

टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर

टाकण्याआधी दोघांना वाचायला द्या. ज्याने दुरुस्ती केली त्याला, ‘यात खोटं काय आहे?’ असं विचारून. ‘ठीक आहे ना?’ विचारलंत तर तो न वाचता हो म्हणेल. आणि सपोर्टमधल्या अशा एकाला, ज्याने सकाळी फोन घेतले. हे वाचून कुठला प्रश्न उरतो ते तोच सांगू शकेल. आकड्यांची बेरीज-वजाबाकी स्वतः करा. ११:०४ ते ११:५२ लिहून शीर्षकात ४५ मिनिटं आली, की लोक तेवढंच उचलतात.

टाकल्यानंतर त्यात चूक सापडली, समजा दुहेरी नोंदी ३१ नसून ३४ निघाल्या, तर गुपचूप आकडा बदलू नका. खाली तारीख-वेळ टाकून ‘दुरुस्ती’ म्हणून ओळ लिहा आणि त्या तीन नोंदी ज्यांच्या आहेत त्यांना थेट कळवा. रागाच्या उत्तरांना निवेदनातलीच वाक्यं चिकटवू नका. त्या दवाखान्याचं खातं उघडून पाहा, त्यांच्या किती नोंदी, किती मेसेज अडकले ते सांगा.

आणि ३० तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी काम झालं असेल तर त्याच निवेदनाखाली ‘झालं’ अशी एक ओळ. झालं नसेल तर नवी तारीख आणि उशिराचं कारण, तेही ३० तारखेच्या आधीच.